फॉर्मची वाट न पाहता

औषधांच्या त्या कारखान्यात तळमजल्यावर, लिफ्टच्या मागे, एक लांबट खोली होती. तिला दोन दारं होती, पण त्यातलं एक कायम बंद, आणि दुसऱ्याला कमरेच्या उंचीवर एक खिडकी कापलेली. खिडकीला फळी, फळीवर दोरीला बांधलेलं पेन. आत लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर पुठ्ठ्याच्या फायली, आणि त्या फायलींच्या राज्यात गेली एकोणीस वर्षं बसलेल्या बाई. त्यांना नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. बाकी सगळा कारखाना त्यांना बाई म्हणायचा, आणि पाठीमागे ‘फॉर्मबाई’.

फॉर्मबाई हे नाव काही प्रेमाने पडलेलं नव्हतं. कारखान्यात बनलेल्या प्रत्येक गोळीचा जन्म, तपासणी आणि म्हातारपण या खोलीतल्या कागदांवर लिहिलेलं असतं. तो कागद कुणाला हवा असेल तर मागणीचा फॉर्म भरायचा. कोणता कागद, कशासाठी, परत कधी देणार, त्यावर आपल्या साहेबाची सही, मग क्वालिटीची सही. एवढं झालं की बाई नोंदवहीत वेळ टाकणार आणि मगच फाईल फळीवर येणार. या नियमापुढे बाईंनी कुणाचीच गय केली नव्हती. एकदा कारखान्याचे व्यवस्थापक स्वतः आले, “अगं बाई, मी मागतोय,” म्हणाले, तेव्हा बाईंनी दोरीचं पेन त्यांच्यापुढे सरकवलं होतं. ते हसले आणि भरला मुकाट्याने फॉर्म. तेवढी समज असलेली माणसं तेव्हा होती.

लोक चिडायचे. “घरी भाजी घ्यायला पण फॉर्म लागतो का हो नवऱ्याला?” असं विचारायचे. बाईंचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. शांत माणूस, एका डोळ्याला भिंग लावून जगाकडे बघणारा. तो म्हणायचा, “हिच्याकडून मीठ मागितलं तरी कशात घालणार ते सांगावं लागतं.” बाईंना त्याचा राग यायचा नाही. औषधाच्या धंद्यात लिहिलं नाही ते घडलंच नाही, असं त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि त्या एकोणीस वर्षं तसंच वागत आल्या होत्या. आता त्याचं फळ समोर दिसत होतं. जुने इन्चार्ज निवृत्त झाले होते, आणि रेकॉर्ड रूमच्या इन्चार्ज म्हणून, म्हणजे कागद बाहेर सोडण्याची अंतिम सही करणारी व्यक्ती म्हणून, बाईंचं नाव वर गेलं होतं. फक्त मोठ्या साहेबांची सही राहिली होती. इतकी वर्षं सगळं सांभाळायचं बाईंनी आणि सही मारायची दुसऱ्याने, हे एकदाचं संपणार होतं.

आणि तेवढ्यात आभारसम्राट खिडकीत उगवले.

आभारसम्राट म्हणजे रजिस्ट्रेशन टीमचे टीम लीड. परवाना देणाऱ्या सरकारी कचेरीशी पत्रव्यवहार करणारी ती टीम. गृहस्थ वागायला गोड, नको तितके गोड. दिवसाला दहा मेल लिहिणार आणि दहाही आभाराचे. पंखा दुरुस्त करणाऱ्याचे आभार, मीटिंगला वेळेवर आलेल्यांचे आभार. सरकारी कचेरीने त्यांना एका गोळीबद्दल प्रश्न विचारला होता: गोळी ठरलेल्या उष्णतेत आणि दमटपणात ठेवून दर काही महिन्यांनी तपासता, तर तीन बॅचेसचे मूळ निकाल दाखवा. उत्तराला मुदत तीस दिवसांची. आणि हे महाशय खिडकीशी आले अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी.

“बाई, तुम्हीच तारणार आता!”

“फॉर्म भरा,” बाई म्हणाल्या.

“एकेचाळीस फायली आहेत हो.”

“मग एकेचाळीस फॉर्म भरा.”

भरले. तिथेच फळीवर वाकून, कण्हत, त्यांच्या टीममधल्या दोघांना बोलावून भरले. त्यांच्या साहेबाची सही ते घेऊन आले. क्वालिटीची सही घ्यायला मात्र बाई स्वतः तिसऱ्या मजल्यावर गेल्या. लिफ्ट बंद होती. गुडघा कुरकुरत होता, पण मुदत दोन दिवसांवर होती आणि बाई काही दगडाच्या नव्हत्या. मग दोन दिवस त्या आणि त्यांची सहकारी मान वर न करता बसल्या. एकेक आकडा मूळ कागदावरून वाचायचा, आभारसम्राटांच्या टीमने केलेल्या तक्त्याशी ताडून बघायचा, प्रतीवर शिक्का मारायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचं बोट एका ओळीवर थांबलं. दुसऱ्या बॅचचे अठरा महिन्यांचे आकडे. तक्त्यात लिहिलं होतं बाटलीतल्या गोळ्या, आणि ज्या कागदावरून आकडे घेतले होते तो होता पट्टीतल्या गोळ्यांचा. पॅकिंगचा नंबर वेगळा. हे तसंच गेलं असतं तर सरकारी कचेरीने आख्खा अर्ज फेकून दिला असता, आणि वर खोटी माहिती दिल्याचा ठपका ठेवला असता. बाईंनी योग्य कागद काढला, त्याचाही फॉर्म भरून घेतला, बेचाळिसावा. आभारसम्राटांचा चेहरा पांढराफटक पडला. “बाई, तुमचे पाय धरायला हवेत,” म्हणाले. बाई म्हणाल्या, “पाय नको, इथे सही करा.”

उत्तर मुदतीत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेल आला.

मेल रेकॉर्ड विभागाला, आणि प्रत बारा जणांना. मोठे साहेब, म्हणजे कंपनीचे सर्वेसर्वा, कारखान्याचे व्यवस्थापक, क्वालिटीचे साहेब, विक्रीचे साहेब, आणि ज्यांचा या कशाशीही संबंध नाही असे आणखी आठ साहेब. बाईंनी चष्मा पुसून वाचला. ‘गेला आठवडाभर आमच्या खांद्याला खांदा लावून रेकॉर्ड विभाग उभा राहिला. विशेष आभार आपल्या लाडक्या बाईंचे. फॉर्मची वाट न पाहता, कागदी घोडे न नाचवता, त्यांनी आम्ही मागू ती फाईल त्या क्षणी हातात दिली. अशी माणसं आहेत म्हणून कंपनी आहे.’

बाईंनी तो दोनदा वाचला. मग सहकारिणीला वाचायला दिला. सहकारी म्हणाली, “अय्या, किती छान लिहिलंय!” आणि मग तिचंही तोंड हळूहळू बंद झालं.

जे बाईंनी एकोणीस वर्षांत एकदाही केलं नाही, नेमकं तेच केल्याबद्दल त्यांचं कौतुक झालं होतं. आणि जे केलं, तो चुकीचा आकडा पकडला, त्याचा उल्लेख अर्ध्या शब्दाने नव्हता. कसा असेल? तो लिहिला तर चूक कुणाची होती तेही लिहावं लागलं असतं. दुसऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवताना खालचा खड्डा आपलाच आहे हे या माणसाने व्यवस्थित झाकलं होतं. बाईंना शिसारी आली. गोड खाताना दाताखाली खडा यावा तशी नव्हे. गोडच नासकं निघावं तशी.

पाच मिनिटांत मोठ्या साहेबांचं उत्तर आलं, सगळ्यांना. ‘शाब्बास! नियमांत न अडकता काम पुढे नेणारी हीच वृत्ती मला हवी आहे.’ त्यापाठोपाठ बाईंच्या विभागप्रमुखाचं. याला सगळे होयबा म्हणत. त्या दोन दिवसांत हा रजेवर होता आणि फोनही उचलत नव्हता. त्याने लिहिलं, ‘धन्यवाद साहेब. माझ्या विभागाला मी नेहमी हेच शिकवत आलो आहे.’ मग विक्रीच्या साहेबाने टाळ्या वाजवणारे हात पाठवले. मग उरलेल्यांनी. एकोणतीस मेल आले त्या दिवशी. एकानेही विचारलं नाही की, अरे, औषधाच्या कारखान्यात फॉर्मशिवाय कागद बाहेर गेलाच कसा?

एकाने विचारलं. क्वालिटीच्या साहेबांनी. ते मेल खालपर्यंत वाचणारे कंपनीतले एकमेव गृहस्थ होते. पण त्याआधी दुपारी खिडकीशी उत्पादनाचा सुपरवायझर आला.

“बाई, कालच्या बॅचचं रेकॉर्ड द्या पटकन.”

“फॉर्म?”

“आता कुठला फॉर्म?” तो डोळा मिचकावून हसला. “मेल वाचला की आम्ही. आम्ही काय सावत्र का?”

बाईंनी खिडकी त्याच्या नाकावर बंद केली.

चार वाजता क्वालिटीच्या साहेबांनी वर बोलावलं. ते कोरडे गृहस्थ होते, पण वाईट नव्हते. म्हणाले, “बाई, हे लेखी आलंय. बारा जणांकडे गेलंय. उद्या बाहेरचा तपासनीस आला आणि त्याच्या हाती हा मेल लागला तर तो विचारणारच. मला नियमभंगाची चौकशी उघडावी लागेल. आणि चौकशी मिटेपर्यंत तुमच्या नेमणुकीचा कागद इथेच थांबेल.”

“पण साहेब, बेचाळीस फॉर्म आहेत. तुमच्याच सहीचे.”

“मला माहीत आहे. पण रीतीने दाखवावं लागेल. परवा अकरा वाजता या.”

परवा उजाडायच्या आधी, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, होयबा आणि आभारसम्राट जोडीने रेकॉर्ड रूममध्ये आले. दोघांनी खुर्च्या ओढून घेतल्या. होयबाच्या हातात टाईप केलेला कागद होता.

“बाई, कशाला वाढवायचं?” होयबा म्हणाला. “ह्याच्यावर सही करून टाका. ‘घाईमुळे फायली तोंडी परवानगीने दिल्या, फॉर्म नंतर भरून घेतले.’ बस. कारण काय, मानवी चूक. उपाय काय, पुन्हा प्रशिक्षण. एक तासाचा वर्ग, चहा, बिस्किट, विषय संपला.”

“तो वर्ग मीच घेते,” बाई म्हणाल्या. “गेली बारा वर्षं. नव्या माणसांना फॉर्म कसा भरायचा ते मीच शिकवते. मी काय माझ्याच समोर बसू?”

“तसं नाही हो,” आभारसम्राट पुढे सरकले. “मी चांगल्या भावनेने लिहिलं. लिहिताना जरा ओघ येतो ना माणसाला.”

“ओघ आला तर मेल दुरुस्त करा. चुकलं म्हणून लिहा त्याच बारा जणांना.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आभारसम्राट खाली बघत म्हणाले, “मोठ्या साहेबांनी शाब्बास म्हटलंय त्याच्यावर. आता ते खोटं होतं म्हणून कसं कळवायचं?”

“आणि शिवाय,” होयबा म्हणाला, “नोंदवही उघडली की तारखाही दिसणार.”

हे मात्र त्याच्या तोंडून निसटलं. आभारसम्राटांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. बाईंना आता सगळं लख्ख दिसलं. आभारसम्राट तीन आठवडे आपल्या अहवालात लिहीत होते, बाईंच्या कानावरही उडत उडत आलं होतं, की जुने कागद मिळायला वेळ लागतोय, म्हणून उत्तर रखडलंय. नोंदवहीत पहिली मागणी होती अठ्ठाविसाव्या दिवसाची. कागद कुणी मागितलेच नव्हते. तीन आठवडे बाईंच्या खोलीच्या नावाने बिल फाडून हे स्वस्थ बसले होते, आणि मग आभाराचा मेल लिहून वर सारवासारव केली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर संन्याशाला आधी हार घातला होता.

“उठा,” बाई म्हणाल्या. “ही खोली आहे रेकॉर्डची. इथे खोटा कागद बनत नाही.”

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एका मनगटी घड्याळाचं झाकण बसवत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सही कर आणि मोकळी हो, असं मी म्हणालो तर?”

“तर मी तुमच्याशी बोलणार नाही.”

“म्हणून नाही म्हणत,” तो म्हणाला. “पण एक सांगतो. खरं दाखवशील तर तू सुटशील. पण त्यांना ते आवडायचं नाही.”

“न आवडू दे.”

अकरा वाजता बाई नोंदवही आणि बेचाळीस फॉर्म घेऊन वर गेल्या. होयबा आणि आभारसम्राट आधीच येऊन बसले होते. क्वालिटीच्या साहेबांनी एकेक फॉर्म पाहिला. मागणीची वेळ, सहीची वेळ, फाईल दिल्याची वेळ. बेचाळीसच्या बेचाळीस, सही आधी, फाईल नंतर. मग त्यांचं बोट तारखेवर आलं आणि थांबलं.

“पहिली मागणी अठ्ठाविसाव्या दिवशी?” त्यांनी आभारसम्राटांना विचारलं.

“आम्ही... तोंडी चौकशी केली होती त्याआधी.”

“कुणाकडे?”

आभारसम्राटांनी होयबाकडे पाहिलं. होयबा छताकडे पाहत होता. नेहमी मान हलवणाऱ्या माणसाची मान त्या दिवशी पहिल्यांदा गप्प राहिली.

“आणि हा बेचाळिसावा फॉर्म दुसऱ्या दिवशी वेगळा का आला?”

बाईंनी पट्टी आणि बाटलीची गोष्ट सांगितली. चढवून नाही, उतरवून नाही, नंबरासकट. क्वालिटीच्या साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे चोळले. मग चौकशीच्या कागदावर लिहिलं: नियमभंग झालेला नाही. मेलमधला मजकूर वस्तुस्थितीला धरून नाही. पाठवणाऱ्याने दुरुस्ती कळवावी.

बाईंना वाटलं, झालं. निदान न्याय झाला.

दुरुस्तीचा मेल संध्याकाळी आला. ‘माझ्या आधीच्या मेलमधील शब्दांमुळे कुणाचा गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहे. बाईंनी सर्व प्रक्रिया पाळली होती. पुन्हा एकदा मनापासून आभार!’ बाईंनी वरची ओळ बघितली. मेल कुणाला, तर बाईंना. प्रत क्वालिटीच्या साहेबांना. बाकी अकरा जणांच्या जागी काहीच नव्हतं. खोटं गावभर ओरडून सांगायचं आणि खरं कानात. आणि वर पुन्हा आभार! बाईंना त्या माणसाची इतकी किळस आली की त्यांनी पडद्यावरून हात फिरवला, काहीतरी चिकटलं असावं तसा.

मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ‘सगळ्यांना उत्तर द्या’ हे बटण दाबलं. जुन्या, बारा जणांच्या मेलवर. चार ओळी लिहायला त्यांना पाऊण तास लागला. ‘मेलमध्ये म्हटल्याप्रमाणे फॉर्मशिवाय कोणतीही फाईल दिलेली नाही. बेचाळीस फॉर्म, सर्व सहीनिशी, नोंदवहीत आहेत. पहिली मागणी अठ्ठाविसाव्या दिवशी आली. दुसऱ्या बॅचचे चुकीचे आकडे या खोलीत सापडले आणि दुरुस्त झाले. माहितीसाठी.’ सहकारी म्हणाली, “बाई, शेवटी धन्यवाद तरी लिहा.” बाई म्हणाल्या, “कशाबद्दल?” आणि पाठवून दिला.

त्या दिवशी एकही उत्तर आलं नाही. टाळ्या वाजवणारे हात कुठे गेले कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी जेवणघरात बाईंच्या टेबलावर कुणी बसलं नाही. उत्पादनाच्या सुपरवायझरने मात्र मुकाट्याने फॉर्म भरला. होयबाने नमस्काराला मान हलवणं बंद केलं. आभारसम्राट जिन्यात दिसले तर मोबाईल कानाला लावायचे, तो वाजलेला नसला तरी.

आठ दिवसांनी क्वालिटीचे साहेब स्वतः खाली आले. ते कधी खाली येत नसत. खिडकीशी उभे राहिले, मग दार उघडून घेऊन आत आले, मांडण्यांकडे पाहत राहिले. हातात नेमणुकीचा कागद होता. बाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला. मोठ्या साहेबांची सही नव्हती. सहीच्या जागी दोन ओळी होत्या. ‘कामाबद्दल तक्रार नाही. परंतु इतर विभागांशी सहकार्याची वृत्ती कमी. या पदासाठी अधिक लवचिक व्यक्तीचा विचार व्हावा.’

बाईंनी तारीख पाहिली. त्यांच्या चार ओळींच्या दुसऱ्या दिवसाची होती.

“मी बोललो त्यांच्याशी,” साहेब म्हणाले. “चौकशीचा निकाल दाखवला. ते म्हणाले, मुद्दा खरा-खोट्याचा नाही, सूर चांगला नव्हता. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवू आपण.”

“म्हणजे साहेब,” बाई म्हणाल्या, “मी नियम मोडला असं जोवर त्यांना वाटत होतं तोवर मी शाब्बास होते. मोडला नाही म्हणून सिद्ध केलं तर मी नालायक.”

साहेबांनी खिशातलं पेन चाचपलं.

“आणि त्या अठ्ठाविसाव्या दिवशी मी खिडकी उघडलीच नसती, आधी का नाही आलात म्हणून परत पाठवलं असतं, तर आज ह्याच्यावर सही असती. मदत केली तिथे चुकलं माझं.”

“असं नका म्हणू बाई. तुम्ही जे केलंत ते फार मोठं आहे. मनापासून आभार मानतो मी तुमचे.”

बाईंनी कागदाची घडी घालून त्यांच्या हातात परत दिली.

“माना,” त्या म्हणाल्या. “पण मेल पाठवू नका.”